काढलेली पाने खरोखर जातात का?

काही काळापूर्वी एका रुग्णाची विमा कंपनीला पाठवावयाची आठ पानांची स्कॅन केलेली फाइल माझ्या हाती आली. चौथ्या व पाचव्या पानावर एचआयव्ही तपासणीचा अहवाल होता. दाव्याशी त्याचा संबंध नव्हता. २०१७ च्या कायद्यानुसार अशी माहिती रुग्णाच्या संमतीविना सहसा उघड करता येत नाही. मी ती दोन पाने पीडीएफमधून काढली, फाइल जतन केली आणि पाठविण्यापूर्वी सहज आकार पाहिला. मूळ फाइल ३.२ एमबी होती. दोन पाने गेल्यावरही ती तेवढीच होती!

संगणकाच्या व्यवसायात असलेल्या माझ्या भाच्याने कारण उलगडून दाखविले. पीडीएफमध्ये पानांची एक सूची असते. पान काढल्यावर काही प्रणाली मूळ मजकुराला हात न लावता फाइलच्या शेवटी नवी सूची जोडतात. वाचक-प्रणाली शेवटची सूची वाचते, म्हणून सहा पाने दिसतात. केसपेपरवरील नोंद न खोडता केवळ अनुक्रमणिका बदलावी, तसाच हा प्रकार. भाच्याने फाइलच्या प्रतीत पहिल्या `%%EOF` या समाप्तिचिन्हानंतरचा भाग कापला, तोच आठही पाने पुन्हा समोर आली.

उपाय असा की, हवी तेवढीच पाने घेऊन नवी फाइल रचावी. `qpdf` या विनामूल्य प्रणालीत ही आज्ञा द्यावी:

```
qpdf --empty --pages file.pdf 1-3,6-8 -- new.pdf
```

येथे `--empty` म्हणजे कोऱ्या फाइलपासून आरंभ; त्यामुळे जुन्या फाइलला जोडलेली इतर कागदपत्रेही मागेच राहतात. ही प्रणाली नसल्यास छपाईच्या खिडकीत `Microsoft Print to PDF` निवडून हवी तीच पाने छापावीत. तीही नवी फाइल होते; मात्र त्यात मजकूर शोधण्याची सोय कधी कधी उरत नाही.

आता पडताळणी. माझी नवी फाइल सुमारे २.४ एमबी झाली. आठापैकी दोन पाने गेल्यावर हेच अपेक्षित होते. स्कॅन केलेल्या पानांना ही कसोटी उपयोगी पडते. केवळ टंकलिखित पानांचा भार इतका अल्प असतो की आकारावरून काही कळत नाही. तेथे फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडून `%%EOF` किती वेळा येते ते पाहावे. एकाहून अधिक वेळा आल्यास शंका घ्यावी. मात्र संकेतस्थळांसाठी सिद्ध केलेल्या काही फाइलींत ते मुळातच दोनदा असते, आणि एकदाच आले म्हणजे फाइल निर्दोष असेही नाही. म्हणून संशय असो वा नसो, नवी फाइल रचूनच पाठवावी, हा नियम मी पाळतो.

शेवटी एक दक्षता: नव्या फाइलची उरलेली पाने एकदा वाचावीत. माझ्या त्या फाइलीत सहाव्या पानावरील सारांशात त्याच तपासणीचा एका ओळीत उल्लेख होता.