सरकती सरासरी, सरकते नवरात्र

येवल्याची पैठणी जाहिराती देऊन ऑनलाइन विकणारे एखादे दुकान घेऊ. आकडे समजण्यापुरते मानलेले आहेत. 2025च्या चार तिमाह्यांत जाहिरातींवरून आलेल्या ऑर्डरी 400, 380, 560 आणि 660. 2026च्या पहिल्या दोन तिमाह्यांत 440 आणि 420. जुलै उजाडला आहे आणि ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी किती माल विणायला सांगायचा, हे आत्ताच ठरवायचे आहे.

त्यासाठी चार-चार तिमाह्यांची सरकती सरासरी काढू. चारच तिमाह्यांची का? तेवढ्यात प्रत्येक ऋतू एकदाच येतो, म्हणून सणांची भरती आणि उन्हाळ्याची ओहोटी एकमेकींत जिरतात. 2025ची सरासरी 500. जुनी तिमाही सोडून नवी घेतली की 510, मग 520. दर तिमाहीला दहाची ही संथ चढण म्हणजेच कल. मात्र चारांचा मध्य दोन तिमाह्यांच्या सांध्यावर पडतो. म्हणून शेजारच्या 510 आणि 520 यांची पुन्हा सरासरी काढायची. ती 515, आणि ती नेमकी ऑक्टोबर-डिसेंबर 2025वर बसते. त्या तिमाहीत खरोखर 660 ऑर्डरी आल्या. 660 भागिले 515 म्हणजे सुमारे 1.28. हा हंगामाचा गुणक.

पुष्कळ जण शेवटची सरासरी, 520, हाच अंदाज समजतात आणि ऐन दिवाळीत त्यांचा माल संपतो. पुढच्या ऑक्टोबर-डिसेंबरपर्यंत कल 515वरून चार पायऱ्या चढून 555वर जाईल. त्याला 1.28ने गुणले की सुमारे 710.

हाही अंदाज मला मान्य नाही, कारण तिमाही इंग्रजी महिन्यांची आणि गिऱ्हाईक पंचांगाचे. 2025मध्ये घटस्थापना 22 सप्टेंबरला होती. पितृपक्षात थांबलेली खरेदी त्या दिवसापासून सुटली आणि नवरात्राचे पहिले नऊ दिवस जुलै-सप्टेंबरच्या खात्यात जमा झाले. 2026मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे घटस्थापना 11 ऑक्टोबरला आहे. तीच गर्दी आता पुढच्या तिमाहीत पडणार.

म्हणून रोजची नोंद उघडावी. समजा, त्या नऊ दिवसांत नेहमीपेक्षा 60 ऑर्डरी जास्त होत्या. त्या ऑक्टोबरकडे सरकवल्या की 560चे 500 आणि 660चे 720 होतात. इथे मला या पद्धतीचे खरे सौंदर्य दिसते: वापरलेल्या प्रत्येक सरासरीत या दोन्ही तिमाह्या असल्यामुळे 515 जागचे हलत नाही. बदलतो तो फक्त गुणक, 1.28चा 1.40. अंदाज 777 होतो. तब्बल 67 ऑर्डरींचा हा फरक निव्वळ पंचांगाचा आहे.

एका वर्षाच्या गुणकावर मात्र फार विसंबू नये. तीन वर्षांचे गुणक काढावेत, पण आधी प्रत्येक वर्षाचे नवरात्र असेच जागेवर आणावे. शिवाय जाहिरातीचा खर्च मध्येच दुप्पट केला असेल, तर सरासरी ती वाढही कल म्हणून दाखवते. हे ओळखायला खर्चाचीही तशीच सरकती सरासरी शेजारच्या रकान्यात मांडावी. दोन्ही एकाच तिमाहीत उसळल्या, तर ती चढण बहुधा पैशाने विकत घेतलेली असते आणि पुढच्या तिमाहीचा खर्च ठरेपर्यंत 555 हा आकडा वहीत पेन्सिलीनेच लिहावा.