३०,०३१ कुठे अडते?

मूळ संख्या कधीच संपत नाहीत, हे युक्लिडने इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास दाखवून दिले. त्याच्या ‘एलिमेंट्स’च्या नवव्या खंडातले हे विसावे प्रमेय. सिद्धता इतकी आटोपशीर, की अनेक जण ती एका वाक्यात सांगतात: मूळ संख्यांचा ओळीने गुणाकार करा, त्यात १ मिळवा, नवी मूळ संख्या तयार.

हे वाक्य खोटे आहे, पण ते लगेच कळत नाही. २ × ३ + १ म्हणजे ७. पुढे ५ घेतला की ३१, ७ घेतला की २११, ११ घेतला की २,३११. या सगळ्या मूळ संख्याच आहेत. १३पर्यंत गेले की मात्र ३०,०३१ येते, आणि ती ५९ × ५०९ आहे.

युक्लिडची सिद्धता यामुळे जराही डगमगत नाही, कारण त्याने असे म्हटलेच नव्हते. त्याचे म्हणणे असे: मूळ संख्यांची कोणतीही मर्यादित यादी घ्या. तिच्यातल्या संख्यांचा गुणाकार करून १ मिळवा. आलेल्या संख्येला यादीतल्या कोणत्याही संख्येने भागले, तर बाकी १ उरते. पण १पेक्षा मोठ्या प्रत्येक संख्येला निदान एक तरी मूळ विभाजक असतोच. हे सातव्या खंडात आधीच सिद्ध झालेले आहे. म्हणून आलेल्या संख्येचा मूळ विभाजक यादीबाहेरचा असला पाहिजे. ती संख्या स्वतः मूळ असेल किंवा नसेलही.

मग चूक शिरते कुठून? बहुधा या सिद्धतेच्या दुसऱ्या मांडणीतून. तिथे सुरुवातीला मानले जाते, की यादीत जगातल्या सगळ्या मूळ संख्या आल्या. तसे मानल्यावर नव्या संख्येला एकही मूळ संख्या भागत नाही, म्हणून ती स्वतः मूळ ठरते आणि यादीतही नसते. हीच विसंगती. त्या गृहीतकाच्या आत ‘ती मूळ आहे’ हे विधान रास्तच आहे. पण शेवटी ते गृहीतक मोडीत निघते, आणि त्याच्या आधारावर उभे असलेले विधानही त्याच्यासोबत जायला हवे. घाईने सारांश लिहिणारा गृहीतक गाळतो आणि विधान तेवढे ठेवतो.

क्रम बदलला तरी असाच घोळ होतो. यादी आधी ठरते, संख्या तिच्यापासून बनते आणि विभाजक सगळ्यात शेवटी सापडतो. ‘अशी एक मूळ संख्या आहे, जी कोणत्याही यादीत नसते’ असे लिहिले, तर शब्द जवळपास तेच राहतात आणि अर्थ अशक्य होतो; कारण प्रत्येक मूळ संख्या कुठल्या ना कुठल्या यादीत घालता येतेच.

सारांश तपासायला छोटी, ओळ सोडून केलेली यादी पुरते. समजा, ती फक्त २ आणि ७ यांची आहे. गुणाकार १४, त्यात १ मिळवून १५. पंधरा मूळ नाही, पण तिचे विभाजक ३ आणि ५ मूळ आहेत आणि दोन्ही यादीत नव्हते. युक्लिडने वचन दिले होते ते एवढेच.