सूज मांसातली की हाडातली?

पावसाळ्यात हिंदमाताला पाणी तुंबते हे मुंबईकरांना नव्याने सांगायला नको. भाग बशीसारखा खोलगट, आजूबाजूचे पाणी तिथेच येऊन थांबते. पाणी साठवण्यासाठी महापालिकेने दादरच्या प्रमोद महाजन कला उद्यानात आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानात जमिनीखाली टाक्या बांधल्या, तरी मोठा पाऊस आणि भरती एकदम आली की कापडाच्या दुकानांतली माणसे चपला हातात घेऊन रस्ता ओलांडतात. या पाण्यातून चालल्यावर लेप्टोची भीती सगळ्यांना माहीत असते. मधुमेह असलेल्यांच्या पायाला दुसरा एक धोका असतो. तो काही आठवड्यांनी उघडा पडतो आणि तोवर त्या पाण्याची आठवणही बुजलेली असते.

नमुन्यादाखल असा एक रुग्ण डोळ्यांसमोर आणावा. वय ५८, कापडाच्या दुकानात दिवसभर उभ्याने काम, मधुमेह १४ वर्षांचा. पायाची संवेदना हळूहळू गेलेली, त्यामुळे चप्पल कुठे घासते ते कळत नाही. उजव्या पायाच्या करंगळीच्या मुळाशी, चवड्याखाली, जुना घट्टा आहे. पाण्यात भिजून तो मऊ पडला, कडेने फाटला आणि खाली जखम झाली. दुखत नाही म्हणून हळद आणि मलमावर तीन आठवडे गेले. मग पाय वरून सुजला, लाल झाला, चप्पल बसेना, तेव्हा ते दवाखान्यात आले.

डॉक्टरांनी आधी एक साधी तपासणी केली. जखम साफ करून बोथट टोकाची निर्जंतुक धातूची सळई हलकेच आत घातली. टोक मऊ मांसात न थांबता कशाला तरी टणक लागले. सळई हाडापर्यंत पोहोचणे ही चांगलीच संशयास्पद खूण. जखम खोल आणि पाय सुजलेला असेल, तर तिला अधिकच वजन येते. त्यासोबत रक्तातला ईएसआर ७० च्या वर गेला असेल, तर हाडाला संसर्ग झाल्याची शंका आणखी बळावते. या रुग्णाचा ईएसआर ८४ आला. मग एक्स-रे काढला, आणि त्यात हाड चक्क ठीक दिसले.

‘‘म्हणजे हाडाला काही नाही ना, डॉक्टर?’’ रुग्णाने सुटकेचा श्वास टाकत विचारले.

‘‘काका, एक्स-रे चुना मोजतो,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘हाडातला ३० ते ५० टक्के चुना गेला की मगच फिल्मवर फरक दिसायला लागतो. तेवढा जायला दोन-तीन आठवडे लागतात. आजची फिल्म चांगली दिसली, तरी हाड आतून सुखरूप आहे असं त्यावरून म्हणता येत नाही.’’

तरीही एक्स-रे वाया जात नाही, आणि एमआरआयच्या आधी तोच काढायचा असतो. कापडाच्या बाजारात काम करणाऱ्याच्या तळव्यात तुटलेली सुई किंवा टाचणी निघणे अशक्य नाही. संवेदना गेलेल्या पायाला ती रुतल्याचे कळतही नाही. धातू एक्स-रेवर झळकतो, आणि एमआरआयच्या चुंबकाजवळ जाण्याआधी तो असल्याचे ठाऊक असणे बरे. मांसात हवेचे काळे बुडबुडे दिसले, तर जंतू वायू तयार करत असण्याची शक्यता असते. तिथे एमआरआयची वाट पाहत बसायचे नसते, शस्त्रक्रियाच तातडीने ठरते. पायाच्या रोहिण्यांच्या भिंतींत चुना साचून त्या रुळांसारख्या समांतर रेघांनी दिसल्या, तर रोहिण्या कडक झाल्याचे कळते. आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढला, तर शेजारी ठेवायला जुनी फिल्म हाती असते. हाडाची कड कुरतडल्यासारखी होणे, हाडावरच्या पातळ आवरणाखाली नवे हाड धरणे, हे बदल दोन फिल्म जोडीने पाहिल्या की चटकन सापडतात.

या रुग्णाच्या बाबतीत तेवढे थांबण्यात अर्थ नव्हता. सळई हाडाला लागली होती, ईएसआर चढलेला होता, एक्स-रे मात्र गप्प होता. नेमक्या अशाच पेचात एमआरआय उपयोगी पडतो.

एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो. अर्धा-पाऊण तास पाय न हलवता पडून राहायचे, यंत्राचा ठणठणाट सोसायचा, आणि छातीत पेसमेकर किंवा अंगात कुठलाही धातू असेल तर आधी सांगायचे. यंत्र एकाच पायाच्या वेगवेगळ्या प्रकारच्या प्रतिमा घेते. त्यांतल्या दोन इथे महत्त्वाच्या आहेत. पहिलीला टी-वन म्हणतात. तिच्यात चरबी पांढरी दिसते. मोठ्या माणसाच्या पायाच्या हाडांतली मज्जा बहुतांशी चरबीचीच असते, त्यामुळे निरोगी हाड आतून पांढरे उजळ दिसते. दुसरीला स्टर म्हणतात. तिच्यात चरबी दाबून टाकलेली असते आणि पाणी पांढरे चमकते. सूज म्हणजे ऊतींत साचलेले पाणी, म्हणून सुजलेला भाग इथे उजळतो.

गोंधळ होतो तो यामुळेच. स्टर प्रतिमेत हाड पांढरे दिसले की घाईने हाडाला संसर्ग झाल्याचा निष्कर्ष काढला जातो. पण शेजारच्या मांसात जंतूंनी धुमाकूळ घातला असेल, तर जवळचे हाड नुसत्या शेजारानेही ओलावते. जंतू त्यात शिरलेलेच नसतात.

डॉक्टरांनी हे रुग्णाला समजेल असे सांगितले. ‘‘चाळीत शेजारच्या मोरीचा पाइप गळतो, तेव्हा तुमच्या खोलीची भिंत ओली होते. रंगाला डाग पडतो, पण प्लास्टर जागच्या जागी असतं. पाइप दुरुस्त केला की भिंत वाळते. मोरी तुमच्याच भिंतीतून फुटली असेल, तर प्लास्टर भुसभुशीत होऊन आतली वीट खाल्ली जाते. ओल दोन्हीकडे आहे. आपल्याला प्लास्टर शाबूत आहे की नाही ते पाहायचं आहे.’’

या उदाहरणातले प्लास्टर टी-वन प्रतिमेत दिसते. मज्जेतली चरबी शाबूत असेल, तर ओल असूनही हाड तिथे बहुतेक पांढरेच राहते, फार तर धूसर जाळीसारखे दिसते. जंतूंनी मज्जेत ठाण मांडले असेल, तर चरबीच्या जागी पू आणि दाह भरतो आणि तिथे सलग काळपट पट्टा उमटतो. टी-वनमध्ये सलग काळे आणि स्टरमध्ये पांढरे, अशी जोडी जुळली की संसर्गाची बाजू भक्कम होते. नुसते स्टर पांढरे असेल, तर निर्णय लांबवावा.

या रुग्णाच्या एमआरआयमध्ये एकाच पायात तीन वेगळ्या गोष्टी दिसल्या. करंगळीमागच्या लांब हाडाचे डोके टी-वनमध्ये काळे आणि स्टरमध्ये पांढरे होते, आणि जखमेपासून निघालेली एक बारीक वाट थेट तिथपर्यंत जात होती. ही वाट फार बोलकी असते. मधुमेही पायात जंतू बहुधा रक्तातून हाडात येत नाहीत. ते त्वचेवरून, जखमेच्या तोंडातून शिरतात. म्हणून हाडाचा संसर्ग जखमेखाली शोधायचा. चवड्याची डोकी, बोटांची टोके, टाच आणि घोटा, म्हणजे जिथे दाब पडतो त्या जागा प्रथम पाहायच्या. शेजारचे चौथे लांब हाड स्टरमध्ये पांढुरके दिसले, पण टी-वनमध्ये त्याची चरबी जागेवर होती. हे हाड ओलावलेले होते, सडलेले नव्हते. आणि पायाच्या पाठीवरची ती लाल, भीतिदायक सूज? तिथे मांसात पाणी पसरलेले होते, पण कडा असलेली पुवाची पोकळी कुठेच नव्हती.

पुवाची पोकळी आहे की नाही हे पक्के करायला कधी शिरेतून गॅडोलिनियमचे इंजेक्शन देतात. पोकळीची कड त्याने उजळते आणि आतला पू काळा राहतो. पण ज्यांची मूत्रपिंडे फार अशक्त झाली आहेत त्यांना ते देताना विचार करावा लागतो, आणि मधुमेहींमध्ये अशी माणसे कमी नसतात. हाडाच्या मज्जेचा प्रश्न तेवढाच असेल, तर इंजेक्शनाशिवायही उत्तर मिळते.

रुग्णाला भीती होती पाय कापला जाण्याची. फिल्मवरून उपचार किती आकसला, ते त्याला त्याच टेबलावर दाखवता आले. चौथ्या हाडाला हात लावायचे कारण उरले नाही. पायाची पाठ चिरायची गरज नव्हती. प्रश्न उरला पाचव्या हाडाच्या डोक्याचा, आणि त्यासाठी दोन वाटा होत्या: तेवढाच तुकडा काढायचा, किंवा हाड ठेवून साधारण सहा आठवडे प्रतिजैविके द्यायची. नुसत्या मांसाच्या संसर्गाला बहुधा एक-दोन आठवडे पुरतात, म्हणून हाड की मांस हा फरक औषधाच्या दिवसांतही उतरतो. कोणती वाट घ्यायची हे पायात रक्त किती पोहोचते त्यावरही अवलंबून असते. रक्त पोहोचत नसेल तर औषधही पोहोचत नाही.

शक्य असेल तिथे हाडाचा लहानसा तुकडा शस्त्रक्रियेत किंवा सुईने निरोगी त्वचेतून घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात. जखमेच्या पृष्ठभागावरचा कापूस फिरवून घेतलेला नमुना अनेकदा फसवतो, कारण वरचे जंतू आणि हाडातले जंतू एक असतीलच असे नाही.

एमआरआयही एका जागी चकवतो. मधुमेहात संवेदना गेलेल्या पायाची हाडे आणि सांधे कधी आपोआप मोडू लागतात. याला शार्को पाय म्हणतात. पाय गरम, लाल, सुजलेला होतो आणि स्टर प्रतिमेत हाडे भरभरून उजळतात. पण तो आजार बहुधा पायाच्या मधल्या भागात, अनेक सांध्यांच्या आसपास दिसतो, आणि त्वचेवर जखम नसते. इथे प्रतिजैविकांचा कोर्स देत बसणे व्यर्थ; पायाला भार न देता साच्यात ठेवणे हा उपचार. दोन्ही एकत्र असले, म्हणजे शार्को पायावर जखमही झाली, तर मात्र फिल्मवरून खात्री देणे अवघड होते आणि हाडाच्या तुकड्यावर विसंबावे लागते.

या रुग्णाच्या पाचव्या हाडाचे डोके काढले गेले, करंगळी राहिली. जखम भरत असताना त्यांनी मध्येच आणखी एक एमआरआय काढून घ्यावा का, असे विचारले. डॉक्टरांनी नको म्हटले. शस्त्रक्रियेनंतर हाडाची ओल काही महिने राहते, आणि त्या प्रतिमेत बरे होणेही बिघडल्यासारखे दिसते. त्याऐवजी जखम किती भरली ते पाहायचे, ईएसआर उतरतो का ते पाहायचे आणि ठरल्या अंतराने एक्स-रे काढायचा, असे ठरले. चप्पल बदलली, तिच्या तळाला मऊ गादी आली, आणि रोज रात्री मुलगी आरसा धरून त्यांना तळवा दाखवू लागली.