राम, मार, रमा आणि मरा

वाल्या कोळ्याच्या तोंडी रामनाम बसेना, म्हणून नारदांनी त्याला ‘मरा मरा’ म्हणायला लावलं आणि त्याचंच पुढे ‘राम राम’ झालं, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. शब्दखेळात अशा जोडीला अ‍ॅनाग्राम म्हणतात. अक्षरं तीच, क्रम तेवढा वेगळा. ‘कमल’ आणि ‘कलम’ही त्यातलेच.

आता एक लाख शब्दांच्या यादीतून असे सगळे गट काढायचे आहेत. प्रत्येक शब्द उरलेल्या प्रत्येकाशी ताडून पाहायचा, तर सुमारे 500 कोटी जोड्या तपासाव्या लागतील. त्यापेक्षा सोपी युक्ती आहे: शब्दाची अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने लावायची. ‘कमल’ची होतात क, म, ल. ‘कलम’चीही तीच. ही झाली त्या शब्दाची किल्ली. किल्ली सारखी, ते शब्द एका डब्यात. प्रत्येक शब्द एकदाच हाताळायचा, कुणाशी ताडायचा नाही. एकच पथ्य: दोनदा आलेलं अक्षर किल्लीतही दोनदाच ठेवायचं, नाहीतर ‘काका’ आणि ‘का’ एकाच डब्यात जाऊन बसतील.

जॉन बेंटली यांनी ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ या 1986 च्या पुस्तकात ही युक्ती रंगवून सांगितली आहे. या किल्लीला ते शब्दाची ‘सही’ म्हणतात.

देवनागरीत मात्र खरी गंमत पुढेच आहे. संगणकाला ‘रा’ हे एक अक्षर दिसत नाही. त्याच्या लेखी र वेगळा आणि काना वेगळा. पायथनमध्ये किल्ली अशी काढतात:

```python
"".join(sorted("राम"))
```

उत्तर येतं ‘मरा’. ‘मार’, ‘रमा’ आणि ‘मरा’ यांचंही तेच, म्हणजे चौघे एका डब्यात! पण मराठी माणूस ‘मार’मधला ‘मा’ फोडत नाही. अक्षर अखंड ठेवून क्रम लावला, तर राम-मरा हा एक गट आणि मार-रमा हा दुसरा. शब्दकोड्यासाठी हाच हिशेब बरोबर, कारण तिथे एका चौकोनात अख्खं अक्षर बसतं.

आणखी एक खोडी ‘दऱ्या’सारख्या शब्दांची. यातला अर्धा र कुणी ‘ऱ’ वापरून टाइप करतं, कुणी साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण पायथनला लांबी विचारली तर एकाची 5 भरते, दुसऱ्याची 6. एकच शब्द दोन डब्यांत सापडला, की आधी हेच तपासावं आणि सगळी यादी एका पद्धतीच्या ‘ऱ’वर आणून मगच किल्ल्या काढाव्यात.