मेलेल्या पॉवर बँकेत किती जीव असतो?

दिवाळीच्या आवराआवरीत ड्रॉवरमधून जुने चार्जर, केबलींचा गुंता आणि पोट फुगलेली एक पॉवर बँक निघाली. घंटागाडीत टाकू का, असे राजारामपुरीतल्या एका वाचकाने विचारले आहे.

पॉवर बँक तर मुळीच टाकू नका. 10,000 एमएएचच्या बँकेत 3.7 व्होल्टच्या हिशेबाने 37 वॉट-तास ऊर्जा मावते. 9 वॉटचा एलईडी दिवा चार तास चालेल एवढी. आणि बंद पडली म्हणजे रिकामी झाली असे नाही. पुष्कळदा नुसते सर्किट गेलेले असते, सेल भरलेलेच राहतात. पोट फुगते ते आतल्या इलेक्ट्रोलाइटचे विघटन होऊन वायू साचल्यामुळे. सेलमधल्या दोन ध्रुवांच्या मध्ये केसाहूनही पातळ प्लास्टिकचा पडदा असतो. कचरागाडीत दाबला जाऊन तो फाटला की शॉर्ट सर्किट होते आणि ज्वलनशील इलेक्ट्रोलाइट पेट घेते. कसबा बावड्याच्या झूम प्रकल्पावरच्या कचऱ्यात ही भर नको.

पॉवर बँकेत असतो तसा लिथियम-आयन सेल घडवणाऱ्या अकिरा योशिनो यांनी 1986 मध्ये आपल्या नव्या सेलवर लोखंडाचा जड तुकडा टाकून पाहिला होता. काही झाले नाही; धातुरूप लिथियमच्या सेलचा मात्र स्फोट झाला. 2019 च्या रसायनशास्त्राच्या नोबेल विजेत्यांत ते होते. पण आज जवळपास प्रत्येक सेलमध्ये असलेले ग्रॅफाइट 1980 च्या सुमारास वापरून दाखवणारे मोरोक्कोचे रशीद याझामी त्या यादीत नव्हते, हे मला अजून खटकते. असो. योशिनोंचा सेल त्या दिवशी शांत राहिला, म्हणून तुमचा राहील असे समजू नका. आता तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त ऊर्जा कोंबलेली असते.

राहिले केबल आणि चार्जर. त्यांच्यातून सोने काढण्याचे व्हिडिओ फिरतात. गुजरीतल्या गटाराची माती धुऊन सोने काढणाऱ्या झारेकऱ्याला विचारा, जिथे सोने पडतच नाही तिथे तो घमेले घेऊन बसेल का? चार्जरमध्ये काढण्याजोगे मुख्यतः तांबेच असते. तेही केबल जाळून काढले तर पीव्हीसीतल्या क्लोरीनपासून डायॉक्सिन तयार होते आणि त्या क्रियेला तांबेच उत्प्रेरक ठरते. म्हणून केबल भंगारवाल्याकडेही नको.

फुगलेली बँक पुन्हा चार्ज करू नका, टोचू नका, मिठाच्या पाण्यातही बुडवू नका. पोर्टवर चिकटपट्टी लावा आणि पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत, झाकण सैल ठेवून, गॅस शेगडीपासून दूर ठेवा. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेली बॅटरी घरच्या कचऱ्यापासून वेगळी देणे हे ग्राहकाचे काम आहे आणि ती गोळा करून घेण्याची व्यवस्था उत्पादकाची. तेव्हा आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारा. तिथे दाद लागली नाही, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयातून अधिकृत पुनर्वापर केंद्रांची यादी मागून घ्या. बँक, चार्जर आणि केबली तिथेच द्या, पण बँक वेगळ्या डब्यात, आणि पावती घ्यायला विसरू नका.