थंड खांदा आणि मामेबहीण

भाषांतराच्या विद्यार्थ्यांना समतुल्यता समजावून सांगायला हा एवढा उतारा पुरतो : ‘माय कझिन रँग ॲट मिडनाइट. द वेडिंग हॅड कॉस्ट ॲन आर्म अँड अ लेग, शी सेड, अँड हर इन-लॉज वेअर गिव्हिंग हर द कोल्ड शोल्डर. ऑल शी वाँटेड वॉज अ लिटल प्रायव्हसी.’

पहिल्याच शब्दाला अडायला होतं. ‘कझिन’ला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही, कारण मराठी नातं विचारते : चुलत, आते, मामे की मावस? उत्तर कथेत पुढेमागे शोधायचं. तिथे मामाचा उल्लेख सापडला, तर ‘मामेबहीण’. काहीच सापडलं नाही, तर ‘नात्यातली बहीण’ बरी. मनाने नातं जुळवू नये.

पुढे दोन वाक्प्रचार आहेत. युजीन नायडा यांनी 1964 मध्ये दोन प्रकारची समतुल्यता मांडली. एक मूळ मजकुराचं रूप आणि आशय जपते; दुसरी, गतिशील, मूळ वाचकावर झाला तसा परिणाम नव्या वाचकावर साधू पाहते. ‘एक हात आणि एक पाय खर्च झाला’ असं रूप जपलं, तर वाचकाला अपघात झाल्यासारखं वाटेल. ‘दिवाळं निघालं’ म्हटलं तर अतिशयोक्ती राहते, पण घर खरंच बुडालं असाही अर्थ निघतो. ‘पैशांचा चुराडा’मध्ये उधळपट्टीचा ठपका येतो. ‘अव्वाच्या सव्वा खर्च’ बोलण्यातला आहे आणि नेमकं तेवढंच सांगतो.

‘कोल्ड शोल्डर’ अधिक फसवा आहे. मराठीत खांदा देतात तो तिरडीला. ‘पाठ फिरवली’ म्हटलं, तर अडचणीत साथ सोडल्यासारखं होतं. इथे फक्त जाणूनबुजून दाखवलेला कोरडेपणा आहे. मोना बेकर यांनी 1992 च्या पुस्तकात वाक्प्रचारासाठी साधा अर्थ सांगण्याचीही वाट दिली आहे. ती इथे घ्यावी : ‘तुटकपणे वागत होती’.

‘प्रायव्हसी’ला ‘खासगीपणा’ हा शब्द आहे, पण तो कायद्याच्या चर्चेत शोभतो. मध्यरात्री फोनवर बोलणारी मुलगी तो वापरणार नाही. ‘एकांत’ म्हटलं, तर तिला सगळ्यांपासून दूर जायचं आहे असं वाटेल. अशा शब्दाला ‘अननुवाद्य’ म्हणतात, तेव्हा त्याच्या जागी बसणारा एक शब्द नसतो; अर्थ मात्र वाक्यात मांडता येतो.

‘मध्यरात्री मामेबहिणीचा फोन आला. लग्नाला अव्वाच्या सव्वा खर्च आला, म्हणाली, आणि सासरची माणसं तिच्याशी तुटकपणे वागत होती. थोडा वेळ कुणी मध्येमध्ये करू नये, एवढंच तिला हवं होतं.’

इथे ‘आणि’च्या जागी ‘तरी’ घालण्याचा मोह होतो. वाक्य अधिक मराठी वाटतं. पण मग ‘एवढा खर्च करूनही’ अशी तक्रार तिच्या तोंडी जाते. इंग्रजीत ती तसं म्हणालेली नाही.