सा, म, नी, ग, ध, रे, प आणि पुन्हा सा

बेस पंचमाने खाली उतरत गेला की वरच्या कॉर्ड आपोआप एकमेकींत मिसळत जातात. कीबोर्डवर बसणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव कधी ना कधी येतो. चार कॉर्ड ऐकल्या की पाचवी कोणती येणार हे कान आधीच सांगू लागतो, आणि ती आली की ‘हेच यायला हवं होतं’ असं वाटतं. हे का होतं, ते पट्ट्यांवर बोट ठेवून पाहता येतं. नळदुर्गात आम्ही एका नव्या भावगीताच्या दोन अंतऱ्यांमधलं संगीत बसवत होतो, त्याच तुकड्यावरून सांगतो.

गाणं जौनपुरीच्या अंगाचं, ताल केरवा आणि गायिकेचा सा पांढरी सहा. पांढरी सहा म्हणजे कीबोर्डवाल्यांचा ए. इथून आसावरी थाटाचे सगळे स्वर पांढऱ्या पट्ट्यांवरच येतात, त्यामुळे समजायला ही जागा सोपी आहे. या लेखात ग, ध आणि नी लिहीन तेव्हा ते कोमलच समजावेत. शुद्ध नी एकाच ठिकाणी येईल, तिथे तसं नाव घेईन.

आम्हाला केरव्याची चार आवर्तनं भरायची होती. प्रत्येक आवर्तनात दोन कॉर्ड, म्हणजे एका कॉर्डला चार मात्रा आणि एकूण आठ कॉर्ड. बेस सा वर सुरू करायचा आणि उतरत पाचवा स्वर घ्यायचा. सा, नी, ध, प, म असं मोजलं की म मिळतो. म वरून तसंच मोजलं की नी, नी वरून ग, मग ध, रे, प आणि शेवटी परत सा. सप्तकातले सातही स्वर एकेकदा येऊन जातात. प्रत्यक्ष वाजवताना सतत खाली जात राहिलं तर पट्ट्याच संपतील, म्हणून एकदा पंचम उतरायचा आणि एकदा मध्यम चढायचा. स्वर तोच मिळतो आणि डावा हात एका सप्तकाच्या आत राहतो.

आता उजव्या हाताकडे पाहू. त्या हाताने पूर्ण कॉर्ड न धरता दोनच स्वर वाजवायचे, बेसपासून मोजलेला तिसरा आणि सातवा. सा वर हे स्वर ग आणि नी होतात. कॉर्डचा रंग ठरवणारे स्वर हेच दोन, बाकीचे नंतर भरता येतात. सुरुवातीला ग वरच्या बोटाखाली ठेवला आणि नी खालच्या. मग बेससोबत एकेक कॉर्ड शोधत गेलो. हाताला मिळालेल्या तीन ओळी अशा:

वरचं बोट: ग, ग, रे, रे, सा, सा, शुद्ध नी, सा
खालचं बोट: नी, ध, ध, प, प, म, म, ग
बेस: सा, म, नी, ग, ध, रे, प, सा

वरच्या दोन ओळी गाऊन पाहा. खालचं बोट नी, ध, प, म, ग असा सरळ अवरोह करतं आणि वरचं बोट ग, रे, सा असं उतरतं. पण दोघं एकाच वेळी हलत नाहीत. खालचं बोट सरकतं तेव्हा वरचं थांबलेलं असतं, पुढच्या कॉर्डला वरचं सरकतं आणि खालचं थांबतं. हलायचं तेही शेजारच्या स्वरापर्यंतच. बेस मोठ्या ढांगा टाकत असतो, पण त्याच्यावरचे दोन आवाज मुंगीच्या पावलांनी जिना उतरत असतात. कानाला गुळगुळीत वाटतं ते यामुळे. शेवटचा बदल सोडला तर प्रत्येक बदलात एक स्वर मागच्या कॉर्डमधला असतो आणि दुसरा फक्त एका स्वराने खाली आलेला असतो.

पण गुळगुळीतपणा आणि अटळपणा एक नव्हेत. अटळपणाचं कारण त्या थांबलेल्या बोटात आहे. पहिल्या कॉर्डमध्ये ग हा सा चा तिसरा स्वर असतो, अगदी निवांत बसलेला. बेस म वर जातो. ग वर ठेवलेलं बोट हललेलं नाही, पट्टी तीच आहे. तरीही आता तो म पासूनचा सातवा स्वर झालेला असतो आणि त्याच्यात ताण येतो. हा ताण त्याने स्वतः घेतलेला नाही, खालची जमीन सरकल्यामुळे तो आला आहे. पुढच्या कॉर्डला हाच ग उतरून रे वर येतो आणि नी या नव्या बेसचा तिसरा स्वर बनून स्थिरावतो. नेमक्या त्याच क्षणी खालच्या बोटाचा ध, जो आत्तापर्यंत म चा निवांत तिसरा स्वर होता, नी चा सातवा होऊन अस्वस्थ होतो. एकाचा ताण सुटतो तेव्हाच दुसऱ्याचा सुरू होतो. त्यामुळे साखळीत कुठेही पूर्ण विसावा मिळत नाही, आणि पुढची कॉर्ड हेच मागच्या ताणाचं उत्तर असतं.

उलट दिशेने वाजवून पाहिलं की हे पक्कं कळतं. त्याच कॉर्ड, तेवढ्याच मात्रा, पण क्रम सा, प, रे, ध, ग, नी, म, सा. ऐकायला वाईट लागत नाही, प्रत्येक कॉर्ड आपापल्या जागी छान वाटते. पण आता सातवा स्वर उतरून सुटत नाही. तो जागेवरच राहतो आणि पुढच्या बेसचा तिसरा बनतो, आणि जो निवांत होता तो एक पायरी चढून नवा सातवा होतो. ओढ जाणवत नाही. तुकडा कुठेही थांबवला तरी चालेल असं वाटतं.

बेसच्या पंचमालाही स्वतःची ताकद आहे. तंबोऱ्याची एकच तार छेडली तरी तिच्यात वरच्या पंचमाचा उपस्वर ऐकू येतो. म्हणून बेस म वर गेला की आधी वाजलेला सा त्या म च्या नादातच सापडतो. नवा स्वर मागच्या स्वराला आपल्या पोटात घेऊन येतो. नऊ किंवा तेरा श्रुतींचं अंतर असलेले स्वर नाट्यशास्त्राने संवादी मानले आहेत, आणि सा‑म व सा‑प या जोड्या त्यातल्याच आहेत. आमच्या नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणीमहालाचा बंधारा ज्या इब्राहिम आदिलशहा दुसऱ्याच्या काळात बांधला गेला, तो स्वतः ‘किताब‑ए‑नवरस’ची गीतं रचणारा होता, आणि त्याच्या आवडत्या तंबूराचं नाव ‘मोतीखान’ होतं. त्या संगीतात कॉर्ड नव्हत्या, पण त्या तंबूराच्या तारेतही हेच नातं वाजत होतं. युरोपातल्या संगीतकारांनी या नात्याची साखळी केली. 1720 साली छापलेल्या हँडेलच्या जी मायनर सुइटमधली पासाकाय याच आठ पायऱ्यांवर पुन्हा पुन्हा फिरते. 1978 साली ग्लोरिया गेनरने गायलेल्या ‘आय विल सर्व्हाइव्ह’मध्येही तीच वाट आहे, तीही ए मायनरमध्येच.

ही वाट सरळ दिसते, पण तिच्यात तीन जागा सांभाळाव्या लागतात.

पहिली जागा ध कडून रे कडे जाण्याची. उतरत मोजल्या तर बाकीच्या सगळ्या उड्या सात पट्ट्यांच्या आहेत, काळ्या‑पांढऱ्या सगळ्या मोजून. ही एकच उडी सहा पट्ट्यांची आहे. बेस वाजवणारा मुलगा हाताच्या सवयीने सातवी पट्टी गाठतो आणि कोमल रे वर जाऊन पडतो. मग साखळी जौनपुरी सोडून भलतीकडे वळते, आणि अशाच शुद्ध पंचमांनी पुढे गेलं तर बाराही पट्ट्या फिरून झाल्याशिवाय सा भेटत नाही. सहा पट्ट्यांची ही एक उडी घेतली की उड्यांची बेरीज बरोबर चार सप्तकं भरते आणि सात उड्यांत घरी येता येतं. वर्तुळ इथे थोडं दाबून बंद केलेलं आहे. कानाला ही जागा किंचित खरबरीत लागते, पण तोपर्यंत चार उड्यांनी चाल इतकी ठरून गेलेली असते की कान तिला सांभाळून घेतो.

दुसरी जागा ग ची. नी कडून ग वर येताना सुटका इतकी पूर्ण असते की ग हाच सा आहे असा भास होतो. इथे तबल्याने सम दाखवली किंवा व्हायोलिनने लांब स्वर धरला तर ऐकणारा तिथेच स्थिरावतो आणि पुढच्या चार कॉर्ड शेपटासारख्या वाटतात. म्हणून दुसऱ्या आवर्तनाच्या शेवटी आलेल्या या कॉर्डवर आम्ही व्हायोलिनला छोटे स्वर दिले आणि ओघ सरळ ध वर नेला.

तिसरी जागा शेवटच्या प ची. थाटाप्रमाणे इथेही कोमल नी घेता येतो, पण मग सा वर येणं सैल पडतं. शुद्ध नी घेतला, म्हणजे काळी चार, की वरच्या बोटाला एकाच पट्टीवर सा दिसतो. खालचं बोट म वरून ग वर उतरतं आणि वरचं शुद्ध नी वरून सा वर चढतं. सबंध तुकड्यात दोन्ही बोटं एकाच वेळी, तेही विरुद्ध दिशांना, इथेच हलतात. म्हणूनच हा शेवट बाकीच्या कॉर्डपेक्षा वेगळा ऐकू येतो. आम्ही मुद्दाम प वरच थांबून पाहिलं, तर कुणी न सांगता गायिकेने सा लावला. साखळी नीट बसली आहे की नाही, याची याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही.

मात्र शुद्ध नी जौनपुरीत बसत नाही. दोन ओळींमधल्या संगीतात, तेही भावगीतात, तो खपतो. गायिका आलाप घेत असताना तीच कॉर्ड खाली आली तर तिचा कोमल नी आणि आपला शुद्ध नी एकाच वेळी वाजून दोन्ही बेसूर लागतात. इलेक्ट्रॉनिक तंबोराही या तुकड्यापुरता बंद ठेवावा लागतो, कारण त्याचा न हलणारा सा त्या शुद्ध नी ला अगदी खेटून वाजतो आणि सगळी ओढ बोथट होते.

यापेक्षा खोल मर्यादाही आहे. या साखळीला आपलं घर आधीच ठरलेलं हवं असतं आणि ती ठरलेल्या मात्रेला तिथे पोहोचते. रागाची बढत करणाऱ्या गायकाला ध वर हवं तितकं थांबायचं असतं, आणि त्या ध खालून बेस सरकला की त्याचा न्यास हिरावला जातो. म्हणून आम्ही ही आठ कॉर्डची वाट पहिल्या अंतऱ्यानंतर एकदाच पूर्ण ठेवली. दुसऱ्या ठिकाणी फक्त रे, प, सा एवढा शेवटचा भाग घेतला आणि बाकी ओळींखाली सा‑प धरून ठेवला. गायिकेला मोकळी जागा मिळाली, आणि ओढ हवी तिथे तीन कॉर्डही पुरेशा ठरल्या.